बायोडाटा जोडलाय, मग ईमेलमध्ये काय लिहायचं?

"सहा वर्षं मी एका वितरक कंपनीच्या गोदामात साठ्याच्या नोंदी पाहते. आता एका ठिकाणी इन्व्हेंटरी प्लॅनर पदासाठी अर्ज करायचाय. सोबतचा ईमेल लिहिता लिहिता ४१० शब्दांचा झाला. मैत्रीण म्हणते, अर्धा कर. मोठा भाऊ म्हणतो, एकही गोष्ट गाळू नकोस, समोरच्याला तुझ्याबद्दल काय माहीत? तीनदा कापायला बसले, पण दर वेळी वाटतं की महत्त्वाचंच जातंय. शिवाय छोटा ईमेल बघून हिला नोकरीची फारशी गरज नाही असं कुणाला वाटलं तर? मसुदा आणि जाहिरात सोबत पाठवतेय." – एक वाचक

नमस्कार,

तुमचा मसुदा दोनदा वाचला, जाहिरात चारदा. आधी भावाच्या म्हणण्याबद्दल, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. समोरच्याला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही, हे खरं. पण त्याला ते सांगायचं काम बायोडाट्याचं आहे आणि तो तुम्ही जोडलेलाच आहे. ईमेलचं काम त्याहून लहान असतं: ती जोडलेली फाईल उघडावीशी वाटावी, आणि उघडल्यावर नजर कुठे न्यायची ते कळावं. इतकंच. तुमच्या मसुद्यातले दुसरा आणि तिसरा हे दोन्ही परिच्छेद म्हणजे पदवी, गुण, कोर्स, पहिली नोकरी, दुसरी नोकरी, असा बायोडाटाच वाक्यांत उलगडून ठेवलाय. वाचणारा फाईल उघडतो तेव्हा तेच पुन्हा समोर येतं, आणि दुसऱ्यांदा ते आणखी फिकं वाटतं.

छोट्या ईमेलवरून गरज नसल्याचं दिसेल, ही भीतीही जरा तपासून पाहा. तुमच्या पाचव्या परिच्छेदात कंपनी नामांकित आहे, तिथे काम करणं अभिमानाचं ठरेल, अशी चार वाक्यं आहेत. ती जशीच्या तशी कुठल्याही कंपनीला पाठवता येतील, हे वाचणाऱ्यालाही कळतं. उलट जाहिरातीतली एक ओळ उचलून तिच्यासमोर आपलं त्याच प्रकारचं काम ठेवलं, तर जाहिरात नीट वाचल्याचं एका वाक्यात दिसतं. आस्था दिसते ती तिथे. (ईमेल किती सेकंदांत वाचला जातो याचे तऱ्हेतऱ्हेचे आकडे फिरत असतात. त्यांच्या नादी लागू नका. वाचणारा घाईत आहे एवढं धरून चाललं की पुरतं.)

आता मुख्य गोष्ट. तीनदा कापूनही जमलं नाही, याचं कारण तुम्ही वाक्यांपासून सुरुवात केलीत. वाक्य घेऊन बसलं की प्रत्येक वाक्य खरं वाटतं, कष्टानं मिळवलेलं वाटतं, आणि हात उचलत नाही. हा ईमेल कशाबद्दल आहे ते आधी ठरलं, तर काय जाणार आणि काय राहणार हे आपोआप ठरत जातं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी रोख, मग पुनरुक्ती, मग लांबी, आणि शुद्धलेखन अगदी शेवटी. शुद्धलेखन आधी करणारे स्वतःलाच अडचणीत आणतात, कारण घासूनपुसून लख्ख केलेलं वाक्य कापवत नाही.

रोख तपासायला जाहिरात आणि मसुदा शेजारी शेजारी ठेवा. जाहिरातीत चार अपेक्षा आहेत: साठ्याच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, एक्सेल, मागणीचा अंदाज आणि पुनर्मागणी पातळी, म्हणजे साठा किती उरला की नवा माल मागवायचा तो आकडा, ठरवता येणं, आणि खरेदी-विक्री विभागांशी समन्वय. पहिल्या दोन अटी जवळपास प्रत्येक अर्जदार पुऱ्या करणार. निवड होणार ती तिसऱ्या-चौथ्या अपेक्षेवर, कारण प्लॅनरचं काम तेच आहे. साठा किती आहे हे सांगणं एक आणि पुढे किती लागेल हे सांगणं दुसरं.

आता स्वतःचा मसुदा याच नजरेनं पाहा. ४१० पैकी दीडशेच्या वर शब्द अचूकता, काटेकोरपणा, नोंदी, मोजणी यांवर खर्च झालेत. म्हणजे तुम्ही आज करता त्या कामावर. ज्या कामासाठी अर्ज करताय त्याबद्दल तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी एकच वाक्य आहे: "याशिवाय गेल्या दीड वर्षात ४० वस्तूंची पुनर्मागणी पातळी ठरवण्याच्या कामात मदत केली व त्यासाठी खपाची सारणी बनवली." आणि सहाव्या परिच्छेदात, आभारांच्या आधी, ओझरतं येतं की या कामासाठी दर आठवड्याला खरेदी आणि विक्रीच्या लोकांशी बोलणं होतं. तुमच्या अर्जातला सगळ्यात मोलाचा ऐवज या दोन वाक्यांत आहे आणि त्यातल्या एकाची सुरुवात 'याशिवाय'नं होते. 'याशिवाय' हा शब्द सांगतो की पुढचं जाता जाता वाचा.

तेव्हा तुमच्या ईमेलचा रोख एका ओळीत असा मांडता येईल: नोंदी पाहणारी व्यक्ती नियोजनाकडे आधीच वळलेली आहे. ही ओळ ईमेलमध्ये लिहायची नाही. कागदाच्या डोक्यावर लिहून समोर ठेवायची. जे वाक्य या ओळीला टेकू देत नाही ते बाहेर. तुमचे दहावी-बारावीचे गुण बाहेर. पहिल्या नोकरीतलं बिलिंगचं काम बाहेर. ते बायोडाट्यात आहे, तिथेच शोभतं.

पुनरुक्तीसाठी एक साधी रीत आहे. मसुदा छापून घ्या किंवा वहीत उतरवा, आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहा की हे वाक्य काय काम करतं. दोन-तीन शब्दांत, जास्त नाही. तुमच्या चौथ्या परिच्छेदाचं काय होतं ते बघा. पहिलं वाक्य, "तपशिलाकडे माझं बारीक लक्ष असतं": समासात 'अचूकता'. दुसरं, "माझ्या कामात नेहमी अचूकता असते": पुन्हा 'अचूकता'. तिसरं, "गेल्या वर्षीच्या मोजणीत नोंद आणि प्रत्यक्ष माल यांतला फरक ३.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आणण्यात माझा वाटा होता": 'अचूकता', पण सोबत आकडा. चौथं, "चुका होऊ नयेत याची मी अत्यंत काळजी घेते": 'अचूकता'. पाचवं, "दिलेलं काम काटेकोरपणे पूर्ण करते": तेच. पाच वाक्यं, एक मुद्दा. बाकीची चार म्हणजे नुसतं आश्वासन आहे, तिसऱ्यात पुरावा आहे. पुरावा ठेवा, आश्वासनं काढा. तुम्हाला वाटत होतं की कापताना महत्त्वाचं जातंय, पण इथे जातंय ते त्या आकड्याभोवतीचं गवत.

ही पुनरुक्ती नुसतं वाचून सापडत नाही, कारण शब्द दर वेळी वेगळे असतात. शाळेत आपल्याला एकच शब्द पुन्हा वापरू नका असं शिकवतात, मुद्दा पुन्हा मांडू नका असं कुणी बजावत नाही. म्हणून समासातली लेबलं लागतात. तेच लेबल दोनदा आलं की एक वाक्य जाणार. लेबल सुचतच नसेल, तर ते वाक्य बहुधा काहीच करत नाहीये.

शब्दांची पुनरुक्ती मात्र संगणक शोधून देतो. Ctrl+F दाबून 'अत्यंत' शोधा, तुमच्या मसुद्यात तो पाच वेळा आहे. मग 'अनुभव' शोधा, मग 'मी'. मराठीत 'मी' बऱ्याचदा लागतच नाही: 'नोंदी पाहते', 'सारणी तयार करते' यात क्रियापदच बोलतं. भूतकाळात मात्र सांभाळा. 'सारणी तयार केली' म्हटलं की ती कुणी केली हे कळत नाही, तिथे 'मी' हवाच. 'करण्यात आली', 'राबवण्यात आली' असली रूपं तर अर्जात नकोतच. काम झालं एवढंच त्यातून समजतं, ते तुम्ही केलंत हे नाही.

याच जातीचे आणखी दोन शब्द तुमच्याकडे आहेत: 'मदत केली' आणि 'वाटा होता'. हे विनयानं आलेत हे दिसतं, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच धरता येत नाही. मदत म्हणजे चहा सांगण्यापासून आकडा ठरवण्यापर्यंत काहीही. फुगवून लिहा असं म्हणत नाही. तुमच्या हातून नेमकं काय झालं ते लिहा, आणि ते जिथे संपतं तिथे थांबा. खपाची सारणी तुम्ही बनवता, रोजचा खप आणि पुरवठादाराकडून माल यायला लागणारे दिवस घेऊन पातळी सुचवता, अंतिम आकडा खरेदी विभाग ठरवतो. असं असेल तर असंच लिहा. शेवटचा तुकडा गाळावासा वाटेल, गाळू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येणार, आणि ज्याला आपल्या कामाची हद्द माहीत आहे त्याचं बाकीचं बोलणंही खरं वाटतं.

या सगळ्यातून गेल्यावर तुमचा ईमेल साधारण असा उरतो:

विषय: इन्व्हेंटरी प्लॅनर पदासाठी अर्ज – साठा कामाचा ६ वर्षांचा अनुभव

नमस्कार,

इन्व्हेंटरी प्लॅनर पदासाठी अर्ज करत आहे. सहा वर्षं एका वितरक कंपनीच्या गोदामात साठ्याच्या नोंदी पाहते, आणि गेल्या दीड वर्षापासून ४० वस्तूंची पुनर्मागणी पातळी ठरवण्याच्या कामात आहे.

जाहिरातीत मागणीचा अंदाज बांधण्याचा अनुभव मागितला आहे. या ४० वस्तूंच्या मागच्या सहा महिन्यांच्या खपाची सारणी मी एक्सेलमध्ये तयार करते. रोजचा खप आणि पुरवठादाराकडून माल यायला लागणारे दिवस यांवरून पातळी सुचवते. अंतिम आकडा खरेदी विभाग ठरवतो. त्यासाठी खरेदी आणि विक्री या दोन्ही विभागांशी दर आठवड्याला बोलणं होतं.

हे आकडे ज्या नोंदींवरून काढायचे त्या खऱ्या असाव्या लागतात. गेल्या वर्षीच्या मोजणीत नोंद आणि प्रत्यक्ष माल यांतला फरक ३.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आला. त्यातली बारकोड नोंदींची तपासणी माझ्याकडे होती.

बायोडाटा जोडला आहे. नियोजनाच्या कामाचा तपशील पहिल्या पानावर, सध्याच्या नोकरीखाली आहे. मुलाखतीसाठी कोणत्याही कामाच्या दिवशी दुपारी तीननंतर येऊ शकते.

खाली नाव आणि फोन नंबर. सव्वाशेच्या आसपास शब्द होतात. 'सहा महिने', 'बारकोड' आणि 'दुपारी तीन' या जागा मी अंदाजानं भरल्यात, तिथे तुमचं खरं काय ते घाला. अचूकता गेली नाही, हे लक्षात आलं का? तिची जागा बदलली. आधी ती एक स्वभावगुण म्हणून उभी होती, आता ती नियोजनाच्या पायाशी आहे आणि पुढच्या कामाशी जोडली गेलीय.

लांबीबद्दल विचाराल, तर बायोडाटा जोडलेला असताना १२० ते २०० शब्द बहुतेक कामांना पुरतात. आकड्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे मोबाईल. ईमेल स्वतःलाच पाठवा आणि फोनवर उघडा. दोनदा अंगठा सरकवून शेवट आला पाहिजे. कुठलाही परिच्छेद पडद्याचा अर्ध्याहून जास्त भाग अडवत असेल, तर त्यात दोन मुद्दे अडकलेत, ते सोडवा. फोनवर आणखी एक गोष्ट दिसेल. यादीत विषयाचे सुरुवातीचे काही शब्द आणि मजकुराची पहिली ओळ एवढंच येतं. तुमच्या आधीच्या मसुद्यात ती ओळ 'आपली जाहिरात वाचून अत्यंत आनंद झाला' अशी होती, आणि विषयात नुसतं 'नोकरीसाठी अर्ज'. पदाचं नाव यादीत कुठेच नव्हतं. एकाच वेळी चार पदं भरणाऱ्या ठिकाणी असा ईमेल कुणाच्या ढिगात जाईल ते सांगता येत नाही. जाहिरातीत पदाचा क्रमांक दिला असेल तर तोही विषयातच घाला.

तोकडेपणाही वाईटच. 'सोबत बायोडाटा जोडला आहे, कृपया पाहावा' एवढंच लिहिणारे कमी नाहीत, आणि त्यांना वाटतं की आपण वेळ वाचवला. साठ-सत्तर शब्दांच्या खाली गेलात की बहुतेक वेळा पुरावाच गळालेला असतो. मैत्रिणीचा 'अर्धा कर' हा सल्ला याच कारणानं अपुरा आहे. तुम्ही प्रत्येक परिच्छेद अर्धा केला असतात, तर २०५ शब्दांत अचूकता तेवढ्याच प्रमाणात राहिली असती आणि ४० वस्तू तशाच कोपऱ्यात.

काही वेळा ही मापं बदलतात. जाहिरातीत वेगळं अर्जपत्र जोडायला सांगितलं असेल, तर वरचा मजकूर त्या फाईलमध्ये जाईल, थोडा सैलही होईल, आणि ईमेलमध्ये तीन-चार ओळी पुरतील: कोणतं पद, काय काय जोडलंय, संपर्क. तोच मजकूर दोन्हीकडे चिकटवू नका, ती पुनरुक्ती सगळ्यात आधी डोळ्यात भरते. जाहिरातीत दोन-तीन थेट प्रश्न विचारले असतील, तर उत्तरं लांबली तरी चालेल, फक्त त्याच क्रमानं द्या. क्षेत्रच बदलत असाल किंवा मध्ये वर्ष-दीड वर्षाचा खंड असेल, तर त्यासाठी एक वाक्य वाढवा. एकच. कारण आणि आता कामाला तयार आहात एवढं. खंडाची कैफियत दोन वाक्यांची झाली की तोच ईमेलचा विषय होऊन बसतो. पगाराची अपेक्षा विचारली असेल तरच लिहा. तुमच्या सहाव्या परिच्छेदातलं 'योग्य वेतन मिळेल अशी आशा आहे' काढून टाका, त्यातून आकडाही मिळत नाही आणि सूरही बिघडतो.

कापलेली वाक्यं पुसू नका. 'कापलेलं' नावाची एक फाईल करा आणि तिथे टाकत जा. हात सैल सुटतो, कारण काही हरवत नाही. पुढच्या अर्जात, जिथे बिलिंगचा अनुभव मागितला असेल, तिथे तेच वाक्य कामाला येईल, आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी वाचायलाही ही फाईल बरी.

कापल्यानंतर मात्र एक फेरी सांध्यांची. परिच्छेद उडतो, पण त्याच्याकडे बोट दाखवणारे शब्द मागे राहतात: 'वरील अनुभवामुळे', 'त्यामुळे', 'तिथेही', 'याशिवाय'. तुमच्या तिसऱ्यांदा कापलेल्या मसुद्यात 'तिथे मला हे शिकायला मिळालं' असं वाक्य आहे आणि 'तिथे' म्हणजे कुठे ते सांगणारं वाक्य तुम्ही आधीच काढलंय. तुम्हाला ते जाणवत नाही, कारण तुमच्या डोक्यात जुना मसुदा अजून आहे. म्हणून ही फेरी दुसऱ्या दिवशी करा, मोठ्यानं वाचून. जिथे श्वास अडतो किंवा तेच वाक्य पुन्हा वाचावंसं वाटतं, तिथे सांधा निखळलाय.

आणि 'प्रति' ची जागा शेवटपर्यंत रिकामी ठेवा. पत्ता नसेल तर चुकून ईमेल जाऊच शकत नाही. आधी फाईल जोडा, जोडलेली फाईल तिथूनच उघडून पाहा, 'बायोडाटा अंतिम नवा २' असलं नाव असेल तर त्यात स्वतःचं नाव आणि पद घाला. जुन्या अर्जावरून मजकूर उचलला असेल, तर मागच्या कंपनीचं नाव शोधून पाहा, आणि चिकटवताना Ctrl+Shift+V वापरा, म्हणजे बहुतेक ठिकाणी जुन्या अक्षराचा आकार-रंग सोबत येत नाही. एका ओळीचा फॉन्ट वेगळा दिसला की ती ओळ दुसरीकडून आलीय हे लगेच कळतं.

राहिला प्रश्न भावाचा आणि मैत्रिणीचा. दोघांना नवा मसुदा दाखवा, पण 'कसा वाटला' असं विचारू नका, त्यावर पुन्हा 'वाढव' आणि 'कमी कर' हेच येईल. फोन हातात द्या, मिनिटभरानं काढून घ्या, आणि विचारा: मी कुठल्या कामासाठी अर्ज करतेय, आणि माझ्याबद्दल कोणत्या दोन गोष्टी लक्षात राहिल्या? 'तू मेहनती आहेस' असं उत्तर आलं, तर जुना मसुदा अजून कुठेतरी शिल्लक आहे. भावाच्या तोंडून 'त्या ४० वस्तू' आल्या, तर 'प्रति' मध्ये पत्ता भरा.